सात बहाणे आणि एक गराडूची प्लेट: हाउजीला नाही म्हणायचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरचं आहे, सुदामा नगरच्या बाजूचं, आणि ज्या बाईचं आहे तिने लिहायला हो म्हटलंय पण नाव नको म्हणाली. म्हणून तिला मी नुसतं ताई म्हणते आणि समोरच्या बाईंना वहिनी, ताईही त्यांना तेच म्हणते. दोघींच्या ओळखीच्या लोकांना कळू नये म्हणून दोनचार गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात, बोलणं मात्र जसं झालं तसंच ठेवलंय. मी पंधरा वर्षं शाळेत काउंसलर होते त्यामुळे असले गुंते लोक माझ्याकडे घेऊन येतात. बहुतेक वेळा मी फक्त ऐकते, या वेळी थोडं मधे पडले.

पार्श्वभूमी

ताई छेचाळीस वर्षांची, एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. सोमवार ते शनिवार ऑफिस, शनिवारी संध्याकाळी सहाला सुटते. वहिनी दोन गल्ल्या सोडून राहतात, ओळख झाली मंडळाच्या गणपतीत, आरतीच्या लाइनीत शेजारी उभ्या होत्या तेव्हा. म्हणजे मैत्रीण नाही, नात्यातली नाही, पण रोज भाजीवाल्याकडे दिसणारी. अशा माणसाला नाही म्हणणं सगळ्यात कठीण असं माझं मत आहे, कारण मैत्रीण असती तर "गप गं" म्हणता आलं असतं आणि अनोळखी असती तर फोन उचलला नसता तरी चाललं असतं.

वहिनींचा एक ग्रुप आहे, बारा-तेरा बायका. एक आड शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतात, रात्री आठला हाउजी सुरू, मधे खाणं, साडेअकरा वाजतात, आणि बऱ्याचदा तिथूनच दोन गाड्या भरून सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात त्या बाजारात. माणशी तीनशे रुपये. मजेचा ग्रुप आहे, वाईट काहीच नाही त्यात, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचं वाचून वहिनी खलनायिका वाटतील आणि त्या तशा नाहीत.

अडचण कशी वाढत गेली

दसऱ्यानंतर पहिलं बोलावणं आलं. ताईला जायचं नव्हतं, पण "जायचं नाही" असं तोंडातून निघेना. म्हणाली मुलाची टेस्ट आहे. दुसऱ्या वेळी डोकं दुखतंय. तिसऱ्या वेळी गाडी हे घेऊन गेलेत. त्यावर वहिनी म्हणाल्या अहो ताई, माझा मुलगा येतो ना घ्यायला, पाच मिनिटांचं काम. ताईला घाईघाईत वर आणखी एक बहाणा चढवावा लागला, की सासूबाईंना एकटं सोडता येत नाही. तो चौथा. पाचवा एकादशीचा, उपवास सांगितला तर वहिनींनी ग्रुपच्या मेन्यूत साबुदाण्याची खिचडी घातली. खास ताईसाठी! सहावा, पाहुणे आलेत. "त्यांनाही घेऊन या, जितक्या जास्ती तितकी हाउजीला मजा."

इथे जरा थांबून बघा काय चाललंय ते. ताईला वाटतंय मी नाही म्हणतेय. वहिनींना ऐकू येतंय की बिचारीला यायचंय पण अडचणी येतात, आणि त्या एकेक अडचण दूर करतायत. गाडी नाही तर गाडी, उपवास तर खिचडी. बहाणा म्हणजे समोरच्याला दिलेलं गणित असतं, चांगला माणूस ते सोडवूनच आणतो. वहिनी जितक्या चांगल्या तितकी ताई जास्ती अडकत गेली.

त्यात आपल्याकडचा आग्रह. आपल्यात पहिलं नको हे नको नसतंच. पंगतीत जिलबी घेऊन आलेला वाढपी पहिल्या नकोला थांबत नाही, दुसऱ्यालाही नाही, ताटावर आडवा हात धरला की मग पुढे सरकतो, आणि काही तर दोन बोटांच्या फटीतूनही टाकतात. सगळ्यांना हा खेळ माहीत असतो. म्हणून "बघते", "जमलं तर नक्की", "या वेळी नाही हो" ही सगळी वाक्यं आपल्या कानाला अर्धा होकार वाटतात. ताईने दर वेळी "पुढच्या वेळी नक्की" हे शेपूट लावलेलं होतं. मी तिला विचारलं का लावायचीस, तर म्हणाली ते आपोआप येतं.

सातवा बहाणा डिसेंबरात, ताप. संध्याकाळी सहा वाजता मेसेज केला, अंगात कणकण आहे, गोळी घेऊन झोपते. रात्री पावणेअकराला मुलगा म्हणाला गराडू खायचे, थंडी पडलीये, चला ना. तिघं निघाले. वहिनींचा ग्रुप साडेअकराच्या आधी उठत नाही हा हिशोब तिने मनात केला होता, हे तिने मला नंतर कबूल केलं. पण त्या दिवशी ज्यांच्याकडे हाउजी होती त्यांच्या घरी कोणीतरी आजारी, खेळ लवकर आटोपला. ताई सराफ्यात उभी, हातात दोना, गराडूच्या तळलेल्या कंदावर जिरावन मसाला आणि लिंबू, पहिला तुकडा तोंडात, आणि समोरून आठ बायका.

वहिनी म्हणाल्या, "अरे वा, ताप उतरला!" हसून म्हणाल्या. बाकीच्या पण हसल्या. ताईचा नवरा, त्याला काही माहीतच नव्हतं, तो म्हणाला कोणाला ताप?

कोणते रस्ते होते

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे आली. रडवेली वगैरे नाही, चिडलेली होती, स्वतःवरच. आम्ही चहा घेत घेत एकेक पर्याय काढला.

एकदा जाऊन यायचं आणि विषय संपवायचा, हा तिच्या नवऱ्याचा सल्ला. पण जाऊन आली असती तर पुढच्या वेळी नाही म्हणायला आणखी जड गेलं असतं, "मागच्या वेळी तर आलात" हे ऐकावं लागलं असतं. फोन म्यूट करायचा, उत्तर उशिरा द्यायचं, हा मुलाचा सल्ला. दोन गल्ल्यांवरच्या माणसाशी हे चालत नाही, भाजीच्या ठेल्यावर म्यूट होत नाही कोणी. नवऱ्याने परस्पर सांगावं हा तिसरा, त्याला तीच नाही म्हणाली, "मग कॉलनीत होईल की हे मला पाठवत नाहीत."

"मला वेळच नसतो हो" असं कायमचं सांगून टाकावं हा चौथा रस्ता तिला सगळ्यात सोयीचा वाटत होता, आणि नेमका तोच मी नको म्हटला. यावर अमेरिकेत काही संशोधकांनी अभ्यास केलाय, 2021 साली छापून आला, की बोलावणं नाकारताना वेळ नाही असं सांगणं हे पैसे नाहीत असं सांगण्यापेक्षा नात्याला जास्ती लागतं. कारण साधं आहे. पैसा माणसाच्या हातात नसतो असं आपण धरून चालतो, पण वेळ तर ज्याच्यासाठी काढायचा त्याच्यासाठी माणूस काढतोच. म्हणजे "वेळ नाही"चा अर्थ ऐकणारा "तुमच्यासाठी नाही" असा लावतो. आणि ताईच्या बाबतीत तर आठ जणींनी तिला सराफ्यात बघितलंच होतं.

राहिला खरं सांगायचा रस्ता. त्यात खरी अडचण अशी की खरी कारणं तीन होती. एक, आठवड्यात तिघं एकत्र बसतात अशी ती एकच रात्र. दोन, सहा दिवस ऑफिसची कटकट ऐकून झाल्यावर तिला बारा बायकांचा गलका आणि आकडे ओरडणं नको वाटतं. तीन, त्या ग्रुपमधे सुनांबद्दल जे बोलणं चालतं ते तिला आवडत नाही, हे तिला एका शेजारणीकडून कळलेलं. ताई म्हणाली खरंच सांगायचं तर तिसरंही सांगायला पाहिजे, नाहीतर परत अर्धं खोटंच झालं.

यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. मी म्हटलं तिसरं तू ऐकलेलं आहेस, बघितलेलं नाहीस, ते सांगशील तर तो नकार राहणार नाही, आरोप होईल. आणि पहिली दोन खोटी आहेत का? नाहीत. उद्या तिसरं कारण मिटलं, सगळ्या जणी सुनांचं कौतुक करायला लागल्या, तर जाशील का? म्हणाली नाही, तरी नाही. मग ते खरं कारणच नव्हे. ही कसोटी मला त्या दिवशी बोलता बोलता सुचली, तेव्हापासून मी ती वापरते: हे कारण उद्या नाहीसं झालं तर तू जाशील का? जाशील, तर ते कारण सांग. जाणार नसशील तर ते बहाणाच आहे, मग ते शंभर टक्के खरं का असेना. मुलाची टेस्ट खरीच होती, पण टेस्ट नसती तरी ती गेली नसती.

या कसोटीवर पहिलं कारणही निम्मं गळालं, कारण वहिनी हाउजी रविवारी दुपारी ठेवू शकत होत्या. उरलं काय, तर हाउजीचं जमणं तिला आवडत नाही, बस. एवढंच सांगायचं आणि ते शनिवारला नाही तर हाउजीला जोडून सांगायचं.

काय केलं

मेसेज की समोर? ताईला मेसेज हवा होता. मी म्हटलं ताप मेसेजवर आला होता, तर हे समोर जाऊन सांग. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळी भाजी घेऊन येताना वहिनींकडे पाच मिनिटं थांबली. फाटकातच बोलली, आत गेली नाही, ते बरंच झालं. आत गेलं की पोहे येतात आणि पोहे खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही.

आधीच्या सातही बहाण्यांची कबुली द्यायची का, हाही प्रश्न होताच. सगळं उकरलं तर वहिनींना दसऱ्यापासून आपण कसे खुळ्यासारखे विचारत होतो असं वाटणार. पण ताप सगळ्यांसमोर उघडा पडला होता, तो न बोलता पुढचं बोलणं शक्य नव्हतं. म्हणून फक्त ताप.

ती जे म्हणाली ते असं: "वहिनी, त्या दिवशी ताप नव्हता, मी खोटं लिहिलं, ते माझं चुकलं. खरं असं आहे की हाउजीचं मला नाही जमत, शनिवारी काय आणि कोणत्या वारी काय. तुम्ही आठवणीने बोलावता ते मला आवडतं, खिचडी केलीत ते तर मी विसरणार नाही. पण मी येणार नाही, दर वेळी विचारायचा त्रास घेऊ नका."

वहिनी गप्प झाल्या. ताईच्या म्हणण्यानुसार खूप वेळ, मला वाटतं चार-पाच सेकंद असतील. आणि त्या शांततेत ताई घसरली. म्हणाली, "म्हणजे आत्ता बारावी पण आहे ना, परीक्षा झाल्यावर बघू."

झालं! सगळं नीट बोलून शेवटी परत एक गणित देऊन आली.

ही घसरण मी इतक्या जणांची ऐकलीये की आता मी आधीच सांगून ठेवते, बोलून झाल्यावर समोरचा गप्प होईल, त्या वेळात काहीही बोलायचं नाही, पिशवीतली मेथी मोजा पण बोलू नका. ताईला सांगायचं राहून गेलं, ती चूक माझी.

पुढे काय झालं

पहिले काही आठवडे वाईट गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू वहिनी दर वर्षी मोठं करतात, त्याचं बोलावणं ताईला आलं नाही, आणि तिथे मात्र तिला जायचं होतं. हाउजीला नाही म्हटलं तर हळदीकुंकवातूनही नाव कटलं. ताईने तेव्हा जे केलं ते तिच्या डोक्याने केलं, मला विचारलं नाही. रथसप्तमीच्या आधी स्वतःकडे छोटं हळदीकुंकू ठेवलं आणि वहिनींना घरी जाऊन सांगून आली. त्या आल्या. दहा मिनिटं बसल्या, तिळगूळ घेतला, वाण घेतलं, हाउजीचं नाव नाही, सराफ्याचं नाव नाही. जाताना सासूबाईंच्या पाया पडून गेल्या.

लोकांना नाही म्हटलं की ते किती दुखावतील याचा आपला अंदाज जरा फुगलेला असतो, यावर 2023 साली एक मोठं संशोधन छापून आलं, ज्युलियन गिवी आणि कॉलीन कर्क या दोघांचं. त्यांच्या प्रयोगांत नकार देणाऱ्यांना वाटलं त्यापेक्षा नकार ऐकणारे कमी नाराज झाले. मी हे ताईला जानेवारीतच सांगितलं होतं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही तेव्हा तिने मला ते बरोबर ऐकवलं. तिचं चूक नव्हतं. त्या लोकांना एक नकार एकदा ऐकायचा होता, आणि वहिनींच्या मागे सात बहाणे आणि आठ बायकांसमोरचा तो गराडू होता. मला वाटतं त्या नकाराने नाही दुखावल्या, खिचडीने दुखावल्या.

एप्रिलात फोन आला. "झाली ना परीक्षा? या शनिवारी माझ्याकडेच आहे." ताईने या वेळी मला फोन न करता तिथल्या तिथे उत्तर दिलं. "वहिनी, परीक्षेनंतर बघू म्हणाले ती माझीच चूक झाली. मी हाउजीला येणार नाही, परीक्षेचा काही संबंध नाही." आणि गप्प बसली. मनात वीसपर्यंत मोजले म्हणे.

वहिनीच मग बोलल्या, आणि जे बोलल्या ते ऐकून मलाही पहिल्यांदा हे सगळं नीट कळलं. त्या म्हणाल्या, अहो हाउजीचं जाऊ द्या, माझी बीसीची एक जागा रिकामी आहे. ग्रुपची बीसी होती, बारा जणी, महिन्याला दोन हजार, दर महिन्याला जिची चिठ्ठी निघेल तिला चोवीस हजार. एक जण गेल्या दसऱ्याला मुलाकडे पुण्याला गेली ती गेलीच, तेव्हापासून अकरावरच चाललंय आणि उचल बावीस हजारांवर आलीये, आणि ज्यांचे नंबर आधी लागून गेले त्यांनी चोवीस उचललेत म्हणून मागच्या जणी वहिनींना बोलतात, कारण बीसी वहिनींनी उभी केलेली. नवी बाई आधी हाउजीत रुळेल मग बीसीत घेऊ असा त्यांचा विचार होता. दसऱ्यापासूनचा सगळा आग्रह तिथून होता.

हे त्यांनी ऑक्टोबरातच सांगितलं असतं तर! पण त्या तरी कशाला सांगतील, ताईच कुठे खरं बोलत होती.

बीसीलाही ताईने मना केलं. आता सोपं गेलं तिला, म्हणाली मी अकाउंट्समधे आहे, लिखापढी नसलेल्या ठिकाणी मी पैसा ठेवत नाही, माझा नियम आहे, तुमच्यावर भरवसा नाही असं नाही. वहिनी म्हणाल्या ठीक आहे. ताईने ऑफिसातल्या एकीला विचारून बघते म्हटलं, विचारलंही, ती नाही म्हणाली, ते वहिनींना कळवून टाकलं. जागा माझ्या माहितीप्रमाणे अजून रिकामीच आहे.

परत करायचं झालं तर

तिसऱ्या बोलावण्यालाच सांगायला हवं होतं. पहिल्याला सांगायची गरज नव्हती, एखाद्या वेळी टेस्ट, एखाद्या वेळी डोकेदुखी चालते, सगळेच करतात, आणि एकदाच येणाऱ्या बोलावण्याला इतकं पारदर्शक होण्यात काही अर्थ नाही. पण "माझा मुलगा येतो घ्यायला" हे वाक्य ज्या दिवशी आलं त्या दिवशी कळायला हवं होतं की समोरची अडचणी सोडवायला बसलीये. तेव्हा कबूल करायला काही खोटंही विशेष नव्हतं, खिचडी झाली नव्हती, सराफा झाला नव्हता.

दुसरं, हळदीकुंकवाचं. फाटकात बोलतानाच ताईने कुठे येणार आहे ते सांगायला हवं होतं, "हाउजीला नाही पण संक्रांतीला मी येणारच." तिला ते खरंच हवं होतं. नुसता नकार दिला तर समोरचा सगळंच नको आहे असं धरतो. फक्त यात एक गोची आहे, हे तेव्हाच म्हणायचं जेव्हा खरंच जायचं असेल, नाहीतर "कधीतरी चहाला भेटू" हा आठवा बहाणा तयार.

आणि माझ्याकडून एक. मी तिला काय बोलायचं ते इतकं घोटून दिलं पण वहिनी एवढ्या मागे का लागल्यात हे आम्ही दोघींनी एकदाही विचारलं नाही. गृहीत धरलं की बाईला नाद आहे. फाटकात तेवढं विचारलं असतं, "वहिनी, मलाच का इतकं म्हणताय", तर बीसी जानेवारीतच बाहेर आली असती.

जूनमधे वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. सकाळी आठला वडाला जातेय, येता का, आणि नसेल यायचं तर सरळ सांगा हो, ताप नको. ताई म्हणाली, "यायचंय, पण उद्या आठला ऑफिसात ऑडिटवाले येतायत, मी सहाला जाऊन येणार आहे." वहिनी म्हणाल्या ऑडिट का, बरं, आणि मग थोड्या वेळाने, "सहाला कोणत्या वडाला?"